तीन लाखांच्या पोटातलं शून्य

चाकणच्या बाजूला एक कारखाना आहे असं समजा. दुचाकीचे स्टँड, फूटरेस्ट, हँडलबार असे लोखंडी सुटे भाग तिथे पावडर कोटिंग होऊन काळे कुळकुळीत बाहेर पडतात. पेंट शॉपचे प्रमुख मेकॅनिकल इंजिनिअर. भट्टीचं तापमान, रंगाच्या थराची जाडी, कन्व्हेयरचा वेग, यातलं काहीही त्यांना झोपेतून उठवून विचारा, सांगतील. पण दर महिन्याच्या पाच तारखेला फायनान्सकडून एक पान येतं आणि ते उघडण्याआधी साहेब चहा मागवतात. सप्टेंबरच्या पानावर पावडरची ओळ अशी होती:

```
Act. costs    Plan costs    Var.(abs.)    Var.(%)
18,00,000     15,00,000     3,00,000      20.00
```

बजेट पंधरा लाख, खर्च अठरा लाख, तफावत तीन लाख. आढावा बैठकीत कारण सांगायचं होतं. साहेबांचं उत्तर ठरलेलं, "काम जास्त आलं हो." त्यावर फायनान्सच्या मॅडमचं उत्तरही ठरलेलं, "साहेब, दर महिन्याला तुमचं हेच असतं."

मी कॉस्ट अकाउंटंट. अशा ओळी वाचण्यात माझी निम्मी नोकरी गेली. तरीही अशी एखादी ओळ फोडून पाहताना मला अजून लहान मुलासारखी गंमत वाटते, कारण आत काय निघेल याचा बाहेरून पत्ताच लागत नाही. इथले आकडे मी तोंडी गुणाकार जमावा म्हणून गोल केले आहेत. पण आकड्यांची ही चाल मी खऱ्या कारखान्यांमध्ये पाहिलेली आहे.

आधी त्या अठरा लाखांकडे जाऊ. कागदाच्या वह्यांच्या काळात हा आकडा म्हणजे बंद दरवाजा होता. ईआरपीत मात्र त्या आकड्यावर दोनदा क्लिक केलं की दार उघडतं. सॅपमध्ये हाच रस्ता `KSB1` या व्यवहारातूनही जातो. तिथे आपलं कॉस्ट सेंटर आणि महिना टाकला की अठरा लाख विरघळतात आणि त्यांच्या जागी शेकडो बारीक ओळी येतात. त्यातली एक ओळ घ्या. तारीख, मटेरियलचा नंबर, ४० किलो, ९,६०० रुपये. ही ओळ अकाउंट्समधल्या कोणी लिहिलेलीच नाही. पहिल्या पाळीला स्टोअरकीपरने वीस-वीस किलोचे दोन खोके काउंटरवर ठेवले, संगणकात `201` हा मूव्हमेंट टाइप टाकला, पेंट शॉपचं कॉस्ट सेंटर लिहिलं आणि एंटर दाबला. त्याच क्षणी गोदामातला साठा ४० किलोंनी घटला आणि पेंट शॉपच्या नावावर ९,६०० रुपये चढले. खोका काउंटरवरून उचलायच्या आत हिशेब लिहून झाला होता! १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच इंजिनिअरांनी जर्मनीत सॅप सुरू केली. तिच्या आर-२, आर-३ या जुन्या प्रणालींच्या नावातला 'आर' रिअल-टाइमचा आहे. त्या एका अक्षराचा अर्थ हा असा स्टोअरच्या काउंटरवर कळतो.

या यादीत एक रकाना फार मोलाचा असतो आणि बऱ्याच ठिकाणी तो लपलेला असतो. तो म्हणजे मात्रेचा, `Total Quantity`. लेआउट बदलून तो समोर आणा. खाली बेरीज येते ७,५०० किलो. अठरा लाखांना ७,५०० ने भागा, दर येतो किलोला २४० रुपये. इतका वेळ नुसता रुपया होता, आता त्याचे दोन भाग झाले, किती आणि कितीला.

आता पंधरा लाखांकडे वळू. विभागप्रमुख बजेटला बहुधा वरून आलेली मर्यादा समजतात. त्यांनी स्वतःच मार्चमध्ये दिलेला तो एक गुणाकार असतो, हे ऑक्टोबरपर्यंत विसरलेलं असतं. पेंट शॉपचा गुणाकार असा होता: महिन्याला ५०,००० चौरस मीटर पृष्ठभाग, दर चौरस मीटरला १२० ग्रॅम पावडर, किलोला २५० रुपये. म्हणजे ६,००० किलो आणि पंधरा लाख.

त्या १२० ग्रॅममागेही एक सुंदर हिशेब आहे. रंगाचा थर ७० मायक्रॉन जाड हवा. एक चौरस मीटरवर एवढा थर म्हणजे बरोबर ७० घन सेंटिमीटर रंग, चहाच्या छोट्या कपात मावेल इतका. जुन्या पावडरची विशिष्ट घनता १.५, म्हणजे त्याचं वजन १०५ ग्रॅम. बंदुकीतून उडालेली सगळी पावडर काही भागावर बसत नाही. बरीचशी गोळा होऊन परत वापरात येते आणि थोडी वाया जाते. त्यासाठी वर १५ ग्रॅम धरले. बजेटमधली एक निर्जीव ओळ थेट मायक्रॉनपर्यंत पोचते, याची फायनान्सच्या मॅडमना कल्पना नव्हती आणि साहेबांना ती सांगायची असते हे ठाऊक नव्हतं.

सप्टेंबरमध्ये प्रत्यक्षात काय झालं? दसरा-दिवाळीच्या आधीची गर्दी होती, ५०,००० ऐवजी ६०,००० चौरस मीटर काम झालं. आता स्वतःला एक प्रश्न विचारा: मार्चमध्येच आपल्याला ६०,००० ठाऊक असतं तर बजेट किती मागितलं असतं? ६०,००० गुणिले १२० ग्रॅम म्हणजे ७,२०० किलो. २५० रुपयांनी अठरा लाख.

अठरा लाख! आणि खर्चही अठराच लाख.

कामाच्या मापाने असं ताणून घेतलेल्या बजेटला लवचिक बजेट म्हणतात. त्याच्यासमोर खर्च ठेवला तर तीन लाखांची लाल तफावत पार नाहीशी होते. साहेबांचं "काम जास्त आलं हो" हे उत्तर अगदी बरोबर होतं, फक्त त्याला आकडा जोडलेला नव्हता. पंधरा लाखांचं मूळ बजेट आणि अठरा लाखांचं ताणलेलं बजेट यांतला फरक ही कामाच्या आकारमानाची तफावत. ती वीस टक्के जास्त काम आल्यामुळे आहे, आणि त्या कामाची विक्रीही झालेली आहे.

हे ताणण्याचं काम ईआरपी आपोआप करत असेल असा बहुतेकांचा समज असतो. ती करू शकते, पण त्यासाठी खर्चाचं नियोजन कामाच्या मात्रेशी जोडावं लागतं. पुष्कळ कंपन्यांत वर्षाचा आकडा `KP06` मध्ये टाकून बारा समान भाग केलेले असतात. मग मे महिन्याची सुस्ती आणि सप्टेंबरची धावपळ यांना एकच माप लागतं. अशा ठिकाणी कागदावरचा तो एक गुणाकार विभागप्रमुखाला स्वतःच करावा लागतो. मला विचाराल तर चौरस मीटरचा आकडा दर महिन्याला `KB31N` मधून सांख्यिकी आकडा म्हणून त्याच कॉस्ट सेंटरवर चढवून घ्यावा. मग पुढे कोणी विचारलं तर तो शोधावा लागत नाही.

साहेबांना ही वजाबाकी दाखवली तर ते पान मिटून खिशात घालतील आणि बैठकीत ताठ मानेने बसतील. इथे थांबलो तर मात्र या महिन्याची खरी गोष्ट हुकेल. ते शून्य नीट पाहायला हवं.

७,२०० किलो लागायला हवी होती, ७,५०० लागली. तीनशे किलो जास्त. २५० च्या ठरलेल्या दराने ती ७५,००० रुपयांची प्रतिकूल तफावत, वापराची. दुसरीकडे किलोला २५० ऐवजी २४० रुपयेच पडले. दहा रुपये वाचले, ७,५०० किलोंवर. ती ७५,००० रुपयांची अनुकूल तफावत, दराची. एक पंचाहत्तर हजार खाली ओढतो, दुसरा तेवढ्याच जोराने वर. रस्सीखेचीतला दोर मधोमध स्थिर दिसतो, म्हणून कोणी ओढतच नाही असं थोडंच असतं?

इथे एक छोटा कोपरा आहे आणि मला तो फार आवडतो. वापर आणि दर यांचा गुणाकार, म्हणजे खर्च, हा एक आयत. लांबी किलोंची, रुंदी दराची, क्षेत्रफळ रुपये. लांबी ३०० ने वाढली, रुंदी १० ने घटली. दोन्ही बदल एकमेकांना जिथे छेदतात तिथे ३०० गुणिले १०, म्हणजे ३,००० रुपयांचा एक चिमुकला चौकोन उरतो. तो कोणाचा? जास्त वापर झाला नसता तर तो नसता, दर बदलला नसता तरी नसता. गणित याचं उत्तर देत नाही. अमेरिकेत जी. चार्टर हॅरिसन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रमाणित खर्चाची आणि तफावतींच्या सूत्रांची घडी बसवली. तेव्हापासून हिशेबनिसांचा प्रघात असा पडला आहे की दराची तफावत प्रत्यक्ष किलोंवर काढायची, म्हणजे तो कोपरा खरेदी विभागाच्या पदरात जातो. मीही वर तसंच केलं. उलट पद्धतीने मोजलं असतं तर खरेदीची बचत ७२,००० आणि पेंट शॉपचा जादा वापरही ७२,००० निघाला असता. तफावतीचा अहवाल हा निसर्गाचा नियम नसतो, हे त्या तीन हजारांवरून लक्षात राहतं.

तर मग तीनशे किलो पावडर गेली कुठे? बैठकीत पहिलं बोट ऑपरेटरकडे जातं, थर जाड मारला असणार. हे तपासता येतं. जाडी मोजण्याच्या गेजच्या नोंदी काढल्या, सरासरी ७० मायक्रॉनच होती. दुसरा संशय पुन्हा रंगवलेल्या मालाचा. एकदा रंगवून नापास झालेला भाग परत लाइनवर गेला की पावडर दोनदा लागते आणि चौरस मीटर मात्र एकदाच मोजला जातो. ते प्रमाण नेहमीइतकंच होतं. तिसरी शक्यता त्या दहा रुपयांतच दडलेली होती. ऑगस्टअखेर जुना साठा संपला आणि सप्टेंबरपासून नवी, स्वस्त पावडर आली. तिच्या तांत्रिक माहितीपत्रकावर विशिष्ट घनता होती १.५६.

आता चहाच्या कपाकडे परत या. थर तोच, ७० मायक्रॉन, म्हणजे रंग तोच ७० घन सेंटिमीटर. पण या पावडरचं तेवढंच आकारमान वजनाला १०९ ग्रॅमच्या वर भरतं. वाया जाण्याचं प्रमाण पूर्वीचंच धरलं तर चौरस मीटरला जवळजवळ १२५ ग्रॅम. आणि ७,५०० किलो भागिले ६०,००० म्हणजे बरोबर १२५ ग्रॅम! पावडरमध्ये रेझिनसोबत भराव घालतात, बेरियम सल्फेटसारखा. तो रेझिनपेक्षा स्वस्त असतो आणि पुष्कळ जड. भराव वाढवला की किलोचा दर उतरतो. पण आपण पावडर किलोने विकत घेतो आणि वापरतो घनफळाने. दगड घालून वजन वाढवलेल्या धान्याच्या पोत्यासारखंच हे, फक्त यात फसवणूक नाही. माहितीपत्रकावर सगळं छापलेलं होतं.

मला विस्मय वाटतो तो याचा, की स्टोअरकीपरच्या पावत्यांची बेरीज आणि दोन भागाकार, एवढ्यावर एका रसायनाची घनता हिशेबाच्या वहीत उमटली. दर चौरस मीटरला आधी १२० ग्रॅम गुणिले २५० रुपये, म्हणजे तीस रुपये पडायचे. आता १२५ ग्रॅम गुणिले २४० रुपये. तेही तीसच. खरेदी विभागाने घासाघीस करून किलोमागे दहा रुपये कमी केले आणि कारखान्याच्या हाती एक पैसाही जास्त आला नाही. पण अहवाल विभागवार छापला असता तर खरेदीप्रमुखांना ७५,००० ची शाबासकी मिळाली असती आणि पेंट शॉपला तेवढ्याच रकमेचा कारणे दाखवा कागद.

हा डाव कधी उघड होतो आणि कधी झाकला जातो, हे मटेरियलच्या माहितीतल्या एका अक्षरावर ठरतं. किंमत नियंत्रणाच्या जागी `V` असेल तर साठ्याची किंमत चल सरासरीने बदलत राहते. नवी पावडर २४० ला आली की पेंट शॉपवरही २४० च चढतात. आपल्या उदाहरणात हेच झालं, म्हणून दोन्ही तफावती एकमेकींना गिळून बसल्या. तिथे `S` असतं तर पावडर बाहेर पडतानाही ठरलेल्या २५० लाच पडली असती. मग पेंट शॉपच्या पानावर १८,७५,००० दिसले असते आणि दराची बचत माल आवक होतानाच किंमत-फरकाच्या वेगळ्या खात्यात गेली असती. प्रसंग तोच, कारखाना तोच, पण एका अक्षराने साहेबांचं पान पाऊण लाखाने जास्त लाल. तुमच्या मुख्य मटेरियलला कुठलं अक्षर आहे हे फायनान्सला विचारून ठेवा. विचारायला अर्धं मिनिट लागतं.

आणखी एक सापळा आहे, आणि तो याहून जास्त फसवा आहे. काही कारखान्यांत पावडरची पावती कोणी करतच नाही. उत्पादन नोंदवलं की ईआरपी मटेरियलच्या यादीतल्या प्रमाणाने वापर आपोआप लिहून टाकते, `261` खाली. याला बॅकफ्लश म्हणतात. काम सोपं होतं, पण बघा काय होतं: ६०,००० चौरस मीटर नोंदवले की प्रणाली डोळे झाकून १२० ग्रॅमने ७,२०० किलो वापर लिहिते. वापराची तफावत शून्य. पुढच्या महिन्यात शून्य, त्याच्या पुढच्याही महिन्यात शून्य. गोदामातली पावडर संगणकात आहे आणि फळीवर नाही. मग एखाद्या साठा-मोजणीत नऊशे किलोंचा खड्डा सापडतो, तो `702` खाली एकाच दिवशी लिहिला जातो आणि त्या बिचाऱ्या महिन्यावर सव्वादोन लाखांच्या आसपास बोजा पडतो. सगळे त्या महिन्याचं कारण शोधत बसतात. हे ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्यक्षातला वापर कधीच गुळगुळीत नसतो. ११८, १२३, १२१ असा तो हलतो. दर महिन्याला चौरस मीटरला बरोबर १२०.० ग्रॅम येत असतील तर तुमचा विभाग फार शिस्तीचा आहे असं समजू नका. तिथे कोणी मोजतच नाही.

ज्या तफावती नुसत्या तारखेच्या असतात त्यांच्यात फार वेळ घालवू नये. सप्टेंबरमध्ये कन्व्हेयरची दुरुस्ती झाली, पण सेवेची नोंद ऑक्टोबरमध्ये केली गेली. मग सप्टेंबर हिरवा आणि ऑक्टोबर लाल. एप्रिलपासूनचा एकत्रित रकाना पाहिला की दोन्ही महिने एकमेकांना फेडतात. फक्त महिना संपायच्या आधी `KSB2` उघडून बघावं. ऑर्डर दिलेली आहे पण माल किंवा सेवा अजून नोंदलेली नाही, अशा रकमा तिथे कमिटमेंट म्हणून ताटकळत असतात. बजेट शिल्लक दिसतंय म्हणून खर्च करू म्हणणारा माणूस बहुधा ती यादी न पाहताच बोललेला असतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. पावडरसारख्या कामाबरोबर वाढणाऱ्या खर्चालाच लवचिक बजेट शोभतं. पर्यवेक्षकांचा पगार काम वीस टक्के वाढलं म्हणून ताणून घेतला तर आपणच आपल्याला खोटी बचत दाखवू. भट्टीच्या गॅसचं अर्धं-अर्धं आहे. भट्टी तापवायला काही गॅस लागतोच, मग आत एक हँडलबार असो की हजार. तिथे स्थिर भाग वेगळा काढून उरलेलाच ताणावा. आणि पावडरच्या बाबतीत १२० ग्रॅम हे प्रमाणच जुनं असू शकतं. भागांचा आकार बदलला, बारीक नळ्यांचं काम वाढलं, की बंदुकीतली जास्त पावडर भागाच्या बाजूने निघून जाते. अशा वेळी तफावत माणसांची नसून मोजपट्टीची असते.

साहेबांच्या पानाचं शेवटी काय झालं? बैठकीत त्यांनी तीन वाक्यं सांगितली. काम वीस टक्के जास्त, त्याचे तीन लाख. नव्या पावडरीचा वापर जास्त, ७५,००० चं नुकसान. नव्या पावडरीचा दर कमी, ७५,००० ची बचत. मॅडमनी वहीत बेरीज करून पाहिली, ती जुळली. "अहो, मग ही पावडर आपण घेतोय कशाला?" असं त्यांनी विचारलं तेव्हा खरेदीप्रमुखांनी माहितीपत्रक मागवून घेतलं. पुढच्या वेळच्या दरांच्या तुलनापत्रकात किलोच्या दराशेजारी दोन नवे रकाने होते: विशिष्ट घनता, आणि ७० मायक्रॉनला प्रति चौरस मीटर रुपये.